कोरोनातला तोटा, काकांची निवृत्ती आणि यंदाचे रिटर्न

पत्र

आमची सांगली भागात केटरिंगची भागीदारी फर्म आहे. मी, माझे दीर आणि चुलत सासरे असे तिघे भागीदार होतो. वाटा 40, 40 आणि 20 टक्के. कोरोनाच्या दोन वर्षांत मिळून 17 लाखांचा तोटा झाला. हिशेब माझे पती बघतात. दुसऱ्या वर्षी ते रुग्णालयात होते, म्हणून रिटर्न ऑगस्टमध्ये गेले. मार्च 2023 अखेर काका फर्ममधून बाहेर पडले. कोरोनानंतरच्या, 2022-23 ते 2024-25 या तीन वर्षांत मिळून 4 लाख 40 हजार नफा झाला, त्यावर कर लागला नाही. यंदा, म्हणजे 2025-26 मध्ये, धंदा 92 लाखांचा आणि नफा 12 लाख आहे. जुन्या कागदांप्रमाणे 12 लाख 60 हजारांचा तोटा अजून शिल्लक आहे, म्हणजे कर शून्य. नवे सीए म्हणतात, एवढा मिळणार नाही. दीर म्हणतात, तोटा ही आपली बँकेतली ठेव आहे; यंदा 44 एडीमध्ये, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा धरून, रिटर्न भरून टाकू आणि ठेव मोठ्या वर्षासाठी राखू. त्यांनाही दोन-तीन वर्षांत बाहेर पडायचे आहे. काय करावे?

उत्तर

ताई, तुमचे नवे सीए बरोबर सांगताहेत. तरीही फर्मचा यंदाचा कर शून्यावर येऊ शकतो. मात्र तो 12 लाख 60 हजारांच्या जोरावर येणार नाही आणि दिरांच्या वाटेने गेलात तर मुळीच येणार नाही.

तुम्ही सोबत पाठवलेल्या रिटर्नच्या प्रती पाहिल्या. घोळाची सुरुवात 17 लाख हा आकडा सलग लिहिण्यापासून झाली आहे. पहिल्या वर्षीच्या, म्हणजे 2020-21 च्या 12 लाखांत 9 लाख धंद्यातला खरा तोटा आहे आणि 3 लाख घसारा: टेम्पो, काहिली, टोप, गॅसच्या भट्ट्या, खुर्च्या-टेबले यांचा. दुसऱ्या वर्षीच्या 5 लाखांत तोटा 2 लाख 40 हजार आणि घसारा 2 लाख 60 हजार. ताळेबंदात हे सगळे एकत्रच दिसते. आयकर कायदा मात्र या दोन रकमांना अगदी वेगळी वागणूक देतो, आणि तुमच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर या फरकात आहे.

धंद्यातला तोटा कलम 72 खाली पुढे जातो. तो ज्या वर्षीचा, त्या वर्षीचे रिटर्न मुदतीत भरलेले असले पाहिजे. पुढे फक्त आठ असेसमेंट वर्षे त्याचे आयुष्य असते (असेसमेंट वर्ष म्हणजे कमाईच्या वर्षाच्या लगेच पुढचे, कर आकारणीचे वर्ष), आणि तो फक्त धंद्याच्या नफ्यातूनच वळता होतो. फर्मच्या नावावरच्या मुदत ठेवीचे व्याज आले तर त्यातून तो वजा करता येत नाही. धंदा तोच असण्याची अट मात्र नाही. उद्या केटरिंग बंद करून मंगल कार्यालय चालवायला घेतले, तरी त्या नफ्यातून तो वळता होईल.

जो घसारा नफा अपुरा पडल्याने वजा होऊ शकला नाही, तो कलम 32(2) खाली पुढे जातो. त्याला आठ वर्षांची मर्यादा नाही. तो व्याजाच्या उत्पन्नातूनही वजा होतो. आणि रिटर्न उशिरा गेले म्हणून तो बुडत नाही, कारण उशिराची शिक्षा सांगणाऱ्या कलम 80 च्या यादीत कलम 32(2) नाही.

आता तुमचे दुसरे वर्ष पाहा. 2021-22 चे रिटर्न भरायची तारीख, ऑडिट नसलेल्या फर्मसाठी, 31 जुलै 2022 होती. त्याआधीच्या दोन्ही वर्षी तारखा पुढे ढकलल्या गेल्या होत्या. पहिल्या वर्षीची तर 31 डिसेंबर 2021 पर्यंत गेली आणि तुमचे रिटर्न तेव्हा वेळेत गेले आहे. 2022 मध्येही मुदत वाढेल या भरवशावर पुष्कळजण बसून राहिले, आणि ती वाढली नाही. तुमचे कारण वेगळे आणि खरे आहे, त्याकडे पुढे येते. पण आजच्या घडीला ऑगस्टमधल्या त्या रिटर्नमुळे 2 लाख 40 हजारांचा तोटा पुढे नेता येत नाही. त्याच रिटर्नमधला 2 लाख 60 हजारांचा घसारा मात्र शाबूत आहे. जुन्या सल्लागारांनी दोन्ही रकमा एकाच ओळीत पुढे नेल्या, म्हणून हा फरक इतकी वर्षे कुणाच्या लक्षात आला नाही.

दुसरी गळती काकांच्या निवृत्तीची. कलम 78 सांगते की भागीदार बाहेर पडला किंवा वारला, तर मागून आलेल्या तोट्यातला त्याच्या वाट्याचा भाग फर्मला पुढे नेता येत नाही. त्या वर्षीच्या नफ्यात त्याचा जेवढा वाटा असेल तेवढ्यापुरती सूट. काका गेले तेव्हा मागचा चालणारा तोटा 9 लाख होता. त्यांच्या 20 टक्क्यांचे होतात 1 लाख 80 हजार. त्या वर्षी, 2022-23 मध्ये, फर्मचा नफा 1 लाख होता. त्यात त्यांचे 20 हजार. म्हणून 1 लाख 60 हजार कायमचे गेले. फर्म तीच, पॅन तोच, धंदा तोच, मग तोटा का कमी व्हावा, असे वाटणे साहजिक आहे. पण तो तोटा सोसणाऱ्यांपैकी एकजण आता फर्ममध्ये नाही, आणि कायदा त्याच्या वाट्याचा लाभ उरलेल्यांना देत नाही. नवा भागीदार आत आला तर असा फटका बसत नाही. हे कलम तोट्यापुरते आहे, शिल्लक घसाऱ्याला ते लागत नाही.

तेव्हा खरी शिल्लक अशी. 9 लाखांतून काकांचे 1 लाख 60 हजार गेले, उरले 7 लाख 40 हजार. तीन वर्षांच्या नफ्यात 4 लाख 40 हजार वळते झाले. राहिला तोटा 3 लाख. घसारा 3 लाख अधिक 2 लाख 60 हजार, म्हणजे 5 लाख 60 हजार. त्याला अजून हात लागलेला नाही, कारण कलम 72 प्रमाणे मागचा तोटा आधी वळता होतो आणि मागचा घसारा त्यानंतर. हा क्रम तुमच्या सोयीचाच आहे. ज्याला मुदत आहे ते आधी संपते, ज्याला नाही ते मागे राहते.

म्हणजे 12 लाख 60 हजार नव्हे, 8 लाख 60 हजार. एक दिलासा आहे: गेल्या तीन वर्षांत तुम्ही प्रत्यक्षात वापरलेला तोटा हक्काच्या रकमेपेक्षा कमीच आहे, त्यामुळे मागचा कर बुडालेला नाही. यंदाच्या रिटर्नमध्ये सुरुवातीची शिल्लक दुरुस्त करून लिहिली की पुरे. चुकीची शिल्लक वापरून कर कमी भरला गेला असता, तर त्या त्या वर्षाचे अपडेटेड रिटर्न जादा करासकट भरावे लागले असते.

आता दिरांच्या ठेवीकडे वळू. त्यांची उपमा ऐकायला छान आहे, पण ठेव मोडायची की नाही हे ठेवीदार ठरवतो. तोट्याचे तसे नाही. नफा झाला की त्यातून मागचा तोटा वळता झालाच पाहिजे, असे कायद्याचे शब्द आहेत. एखाद्या वर्षी मुद्दाम वळता न करता पुढे ढकललात, तर अधिकारी तो त्याच वर्षी वळता झाला असे धरतात. मग त्या वर्षी भरलेला करही गेला आणि पुढच्या वर्षीचा तोटाही. तुमच्या उरलेल्या 3 लाखांची मुदत असेसमेंट वर्ष 2029-30 पर्यंत, म्हणजे 2028-29 च्या नफ्यापर्यंत आहे खरी, पण यंदा एवढा नफा असताना ती मुदत उपयोगाची नाही.

44 एडीचे गणित मांडून बघा. 92 लाखांपैकी समजा 80 लाख बँकेतून आले आणि 12 लाख रोख. बँकेतल्या रकमेवर 6 टक्के आणि रोखीवर 8 टक्के धरून नफा होतो 5 लाख 76 हजार. यातून मागचा 3 लाखांचा तोटा वळता करता येतो. 44 एडी घेतले की मागचा तोटा बुडतो, हा समज चुकीचा आहे. पण घसारा वेगळा मागता येत नाही. 6-8 टक्क्यांच्या आत सगळा घसारा, मागून आलेलासुद्धा, देऊन झाला असे समजले जाते. भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचे व्याजही फर्मला वजा मिळत नाही. उरतात 2 लाख 76 हजार. फर्मला व्यक्तीसारखे टप्पे नाहीत. पहिल्या रुपयापासून 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे 31.2 टक्के. कर झाला 86,112 रुपये. वर साडेपाच लाखांच्या घसाऱ्यावर पाणी सोडायचे. शिवाय एकदा या कलमात शिरून पुढच्या पाच वर्षांत बाहेर पडलात, तर तिथून पाच वर्षे ते दार बंद होते, आणि करपात्र उत्पन्न असेल तर ऑडिटही मागे लागते. तुम्ही आजवर त्यात कधी शिरलेला नाहीत, ही जमेची बाजू आहे. नफा 6 टक्क्यांखाली दाखवला तरी एक कोटीच्या आतल्या उलाढालीवर तुम्हाला केवळ तेवढ्या कारणाने ऑडिट लागत नाही. हिशेबाच्या वह्या आणि बिले मात्र व्यवस्थित हवीत.

मग काय करायचे? हिशेबाप्रमाणेच रिटर्न भरायचे. इथे तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट खटकली: 12 लाखांच्या नफ्याबद्दल तुम्ही लिहिलेत, पण भागीदारांच्या पगाराचा शब्दही नाही. तुमच्या करारपत्रात तो आहे. काका गेल्यावर एप्रिल 2023 मध्ये केलेल्या नव्या करारपत्रात ‘दोघे कार्यरत भागीदार, आयकर कायद्याच्या मर्यादेइतके मानधन, समसमान’ असे कलम आहे. हे कलम नसते तर मी पुढचे लिहिलेच नसते, कारण करारपत्रात नसलेले मानधन फर्मला वजा मिळत नाही, आणि आज करारपत्र बदलून मागच्या वर्षाला लावता येत नाही.

मर्यादा कलम 40(बी) मध्ये आहे. असेसमेंट वर्ष 2025-26 पासून ती वाढली: पुस्तकी नफ्याच्या पहिल्या 6 लाखांवर 90 टक्के (किंवा 3 लाख, यातले जास्त असेल ते) आणि त्यावरच्या नफ्यावर 60 टक्के. तुमचे 12 लाख हे यंदाचा घसारा आणि भांडवलावरचे व्याज वजा करून, पण मानधनाच्या आधीचे आहेत. आता हा पुस्तकी नफा काढताना मागचा धंद्यातला तोटा वजा करायचा नसतो, त्याची जागा कायद्याच्या नंतरच्या प्रकरणात आहे. मागच्या शिल्लक घसाऱ्याबाबत मात्र दोन मते आहेत. एक म्हणते, तो यंदाच्या घसाऱ्याचाच भाग बनतो, म्हणून आधी वजा करा. दुसरे म्हणते, नको. मी सावध बाजूने हिशेब करते, कारण तसा करूनही तुमचे काम होते.

12 लाखांतून 5 लाख 60 हजार घसारा वजा केला की मर्यादा मोजण्यापुरता नफा 6 लाख 40 हजार. पहिल्या 6 लाखांचे 90 टक्के, 5 लाख 40 हजार. उरलेल्या 40 हजारांचे 60 टक्के, 24 हजार. दोघांचे मिळून मानधन 5 लाख 64 हजार, म्हणजे प्रत्येकी 2 लाख 82 हजार. आता फर्मचे उत्पन्न: 12 लाख वजा 5 लाख 64 हजार, उरले 6 लाख 36 हजार. त्यातून मागचा 3 लाखांचा तोटा गेला, उरले 3 लाख 36 हजार. ते मागच्या घसाऱ्यातून पुसले गेले. फर्मचा कर शून्य, आणि 2 लाख 24 हजारांचा घसारा पुढच्या वर्षासाठी शिल्लक. दुसऱ्या मताने गेलात तर मानधन 9 लाखांपर्यंत जाते आणि सगळाच घसारा वाचतो. पण फर्मचा कर तिथेही शून्यच आहे. मग वादाला तोंड कशाला फोडा, असे माझे मत. तुमच्या सीएंचे वेगळे असेल तर त्यांनी त्याची कारणे फाइलमध्ये लिहून ठेवावीत.

मानधन तुमच्या हातात करपात्र असते, हे खरे. पण 2025-26 साठी नव्या कर पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर व्यक्तीला सवलतीमुळे कर लागत नाही. तुमचे आणि दिरांचे इतर उत्पन्न धरूनही, पत्रावरून दिसते त्याप्रमाणे, दोघे त्या मर्यादेच्या बरेच आत आहात. मानधन घेतलेच नाही तर काय होते तेही पाहा: 12 लाखांतून 8 लाख 60 हजार गेले, उरले 3 लाख 40 हजार, कर 1 लाख 6 हजार 80 रुपये, आणि तोटा-घसारा दोन्ही संपलेले. एवढे तोटे हाताशी आहेत तर मानधनाची काय गरज, असे वाटून अनेक छोट्या फर्म नेमकी हीच चूक करतात. फर्ममधल्या रुपयावर 31 टक्के आणि घरातल्या रुपयावर शून्य असताना तोटा फर्मच्या नफ्यावर उधळण्यात अर्थ नाही. उलट भागीदारच मोठ्या टप्प्यात असतील तर हिशेब फिरतो. तिथे मानधन कमी ठेवून फर्मचा नफा मागच्या तोट्यात जिरवणे फायद्याचे ठरते, विशेषतः तोट्याचे आठवे वर्ष असेल तेव्हा.

यात एक नवी अडचण आहे आणि ती तपासल्याशिवाय रिटर्न भरू नका. 1 एप्रिल 2025 पासून कलम 194 टी आले आहे. भागीदाराचे मानधन, व्याज वगैरे मिळून वर्षाला 20 हजारांवर गेले की फर्मने 10 टक्के टीडीएस कापायचा. उलाढाल किती, ऑडिट आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. 31 मार्चला तुमच्या भांडवली खात्यांवर जमा केलेल्या मानधनावर तो कापून 30 एप्रिलपर्यंत भरायला हवा होता. भरला नसेल तर व्याजासह आता भरा. रिटर्नच्या मुदतीपर्यंतही भरला नाही, तर त्या रकमेचा 30 टक्के भाग फर्मला वजा मिळणार नाही आणि वरचे सगळे गणित बिघडेल. कापलेली रक्कम तुमच्या वैयक्तिक रिटर्नमधून परत मिळेल.

फॉर्म आयटीआर-5. आयटीआर-4 सोपा आहे म्हणून कुणी सुचवला तर ऐकू नका, मागचा तोटा असलेल्यांसाठी तो नाहीच. आयटीआर-5 मध्ये `Schedule CFL` उघडा. तिथे वर्षागणिक तोटा असतो आणि शेजारी `Date of Filing` चा रकाना. असेसमेंट वर्ष 2022-23 समोर ऑगस्टमधली तारीख आणि तोट्याचा आकडा एकत्र आले, की प्रणालीतून तो तोटा नाकारणारी सूचना येणार, हे ठरलेले. घसाऱ्याची जागा `Schedule UD` मध्ये आहे. तुमचे 5 लाख 60 हजार तिथे, 3 लाख आणि 2 लाख 60 हजार असे दोन वर्षांसमोर, वेगळे दिसले पाहिजेत. तुमच्या मागच्या रिटर्नमध्ये `Schedule UD` कोरे आहे आणि सगळी रक्कम `CFL` मध्ये आहे. यंदा ते सुधारताना मूळ दोन वर्षांचे घसाऱ्याचे तक्ते, काकांचे निवृत्तिपत्र आणि दोन्ही रिटर्नच्या पोचपावत्या हाताशी ठेवा, कारण आकडे मागच्या वर्षाशी जुळत नाहीत म्हणून विचारणा येऊ शकते. रिटर्न तपासून खाते पाठवते त्या 143(1) च्या सूचनाही, त्या वर्षांच्या, पोर्टलवरून उतरवून घ्या. जुन्या सल्लागारांनी काय पाठवले आणि खात्याने काय मान्य केले, यात कधीकधी फरक असतो, आणि तो कुणी उघडून पाहिलेला नसतो.

एक तपशील: हे रिटर्न 1961 च्याच कायद्याखाली आहे. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा, 2025 लागू झाला; पुढच्या वर्षी कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील, ‘असेसमेंट वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ येईल. तोट्याची आठ वर्षांची मर्यादा तीच राहिली आहे.

आता तुमच्या पतींच्या आजारपणाकडे येते. उशिरामुळे गेलेला तोटा परत मिळवण्याची एक वाट आहे: कलम 119(2)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर 2024 मध्ये काढलेल्या परिपत्रक 11/2024 प्रमाणे, एक कोटीपर्यंतच्या दाव्यांवर प्रधान आयकर आयुक्त निर्णय घेऊ शकतात. असेसमेंट वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत अर्ज करायचा. तुमचे असेसमेंट वर्ष 2022-23, ते 31 मार्च 2023 ला संपले. म्हणजे 31 मार्च 2028 पर्यंत वेळ आहे. अर्ज आल्यावर शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यावा, अशी अधिकाऱ्यांना सूचना आहे.

‘मुदत वाढेल वाटले’ हे कारण तिथे टिकणार नाही. पण हिशेब पाहणारी व्यक्ती जुलै 2022 मध्ये रुग्णालयात दाखल होती, डिस्चार्जनंतर दोन-तीन आठवड्यांत रिटर्न भरले गेले, आधीचे आणि नंतरचे प्रत्येक रिटर्न वेळेत आहे, हे सगळे कागदांनिशी मांडता येत असेल तर अर्जात दम आहे. रुग्णालयाचे बिल, डिस्चार्ज कार्ड, आणि हिशेबाचे काम तेच करतात हे दाखवणारे काहीतरी, एवढे जोडा. ते स्वतः भागीदार नाहीत, म्हणून ‘मग भागीदारांनी का भरले नाही’ हा प्रश्न येईल. त्याचे उत्तर अर्जातच द्या.

मिळणार किती, तेही आधी पाहा. 2 लाख 40 हजारांतून काकांच्या 20 टक्क्यांचे 48 हजार वजा होतील, कारण त्यांच्या नफ्याच्या वाट्याचे 20 हजार वर आधीच धरून झाले आहेत. उरले 1 लाख 92 हजार. कराच्या भाषेत सुमारे 60 हजार रुपये. हा तोटा असेसमेंट वर्ष 2030-31 पर्यंत वापरता येईल. सीएंची फी आणि तुमचा वेळ यांच्याशी तुलना करून ठरवा. कागद पक्के असतील तर मी अर्ज करीन, पण त्यासाठी यंदाचे रिटर्न अडवून ठेवणार नाही, आणि मंजुरी हातात येईपर्यंत तो आकडा `CFL` मध्ये लिहिणार नाही.

राहिले दीर. तुम्ही दोघेच भागीदार आहात, आणि भागीदारीला किमान दोघे लागतात. ते बाहेर पडले त्या दिवशी फर्मच संपते. पुढे तुम्ही त्याच भांड्यांवर आणि त्याच आचाऱ्यांवर एकटीच्या नावाने केटरिंग चालू ठेवलेत, तरी फर्मचा तोटा किंवा घसारा तुमच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये येणार नाही. वारसाहक्काने धंदा आला तर कायदा तोट्यापुरता अपवाद करतो, निवृत्तीला नाही. म्हणून ते जाण्याआधी, त्याच दिवशी नव्हे तर आधी, तिसरा भागीदार आत घ्या. हिशेब तुमचे पतीच बघतात, तर त्यांचाच विचार करा; करारपत्रात त्यांना कार्यरत भागीदार म्हणून नीट लिहा. मग दीर गेले तरी फर्म चालू राहील आणि 2 लाख 24 हजारांचा घसारा तिच्याकडेच राहील. माफीचा अर्ज मंजूर होऊन 1 लाख 92 हजारांचा तोटा आला असेल आणि तोवर वापरला गेला नसेल, तर त्यातला दिरांचा वाटा काकांसारखाच कापला जाईल. आता तुम्ही दोघे निम्मे-निम्मे असाल तर तो निम्मा. दिरांनी वर्ष ठरवताना निदान तेवढा तोटा वळता झालेल्या वर्षाअखेरीची तारीख धरावी, एवढे त्यांना सांगा.